डेअरीच्या बिलात #VALUE!, #REF!, #DIV/0!... मूळ चूक कुठल्या सेलात शोधायची?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या डेअरीचं दहा दिवसांचं दूध बिल एक्सेलमध्ये निघतं. ते काम आता माझ्याकडे आलंय. फाईल आधीच्या सेक्रेटरींनी केलेली, ते गाव सोडून गेले आणि फोनवर सापडत नाहीत. परवा बिल काढायला बसले तर एकूण रकमेच्या जागी #VALUE!. 'वाटप' शीटवर जवळजवळ सगळ्या ओळींत #REF!. 'वर्ष' शीटवर काही महिन्यांपुढे #REF!, काहींपुढे बरोबर रक्कम. शेतकरी पैशाला आलेत आणि मी स्क्रीनकडे बघत बसलेय.

'बिल' शीट अशी आहे: C मध्ये दहा दिवसांचं लिटर, D मध्ये फॅट मशीनच्या यादीतून चिकटवलेला फॅट-लिटरचा आकडा, E सरासरी फॅट, F दर, G रक्कम. ४१व्या ओळीत बेरीज. मी वर-खाली बघून पाहिलं, तर दोनच ओळींत #VALUE! आहे, १७ आणि २९. १७ नंबरच्या खातेदाराची म्हैस आटली आहे, दूधच नाही, ते मला माहीत आहे. २९चंही तसंच असावं. दोन्हीकडे लिटर शून्य दिसतंय आणि फॅट रिकामं.

ही दोन खाती उडवली तर चालेल का?

---

चिकोडीचा_पावणा

ताई, उडवू नका, पुढच्या महिन्यात म्हैस व्याली की परत घालत बसाल. सोपा उपाय सांगतो. सगळ्या फॉर्म्युल्यांना IFERROR गुंडाळा आणि एरर आली की शून्य दाखवा म्हणून सांगा. आमच्या सोसायटीची फाईल मी तशीच केलीय. एकपण लाल-हिरवं काय दिसत नाही बघा. बेरीज बी येतीय.

---

वेदगंगा

पण मुळात एरर यायलाच नको ना? फॅटचा सेल रिकामा आहे, आणि एक्सेल रिकामा सेल शून्य धरतं. शून्यावर वजाबाकी-गुणाकार होतोच. मला वाटतं दराच्या सेलात कुठेतरी अक्षर पडलंय. J कॉलम तपासा.

---

उद्यमबाग

थांबा जरा. पावण्यांचं औषध अजून कुणी घेऊ नका.

वेदगंगा, J मध्ये अक्षर असतं तर सगळ्या ओळींत #VALUE! आली असती, कारण दर सगळ्यांचा तिथूनच येतो. दोनच ओळी बिघडल्यात, म्हणजे चूक त्या दोन ओळींच्या आतली आहे. ताई, E17, F17, G17 आणि G41 वर क्लिक करून वरच्या पट्टीत जे दिसतं ते जसंच्या तसं इथे टाका. सेलातलं नको, पट्टीतलं.

---

मलप्रभाकाठ

```
E17   =IFERROR(D17/C17,"")
F17   =$J$1+(E17-$J$2)*$J$3
G17   =C17*F17
G41   =SUM(G2:G40)
```

J1 मूळ दर ५०, J2 मूळ फॅट ६, J3 म्हणजे एका फॅटला ८ रुपये. (आकडे गोल करून लिहिलेत, खरे दर वेगळे आहेत.) १६ नंबरचं बरोबर येतं. ४२ लिटर, फॅट-लिटर २७३, म्हणजे फॅट ६.५, दर ५४, रक्कम २२६८.

---

उद्यमबाग

मग सगळं E17 मध्येच आहे. लिटर शून्य, म्हणून तिथे खरं तर #DIV/0! यायला हवी होती. सेक्रेटरींनी IFERROR लावून ती झाकली आणि जागी `""` ठेवलं. डोळ्याला सेल रिकामा दिसतो, पण तो रिकामा नाही. त्यात मजकूर आहे, शून्य अक्षरांचा. वेदगंगा म्हणतात ते खऱ्या रिकाम्या सेलाला लागू आहे, याला नाही. खात्री करायची तर कुठल्याही मोकळ्या सेलात हे लिहून बघा:

```
=ISBLANK(E17)
=ISTEXT(E17)
```

पहिल्याचं उत्तर FALSE, दुसऱ्याचं TRUE येईल. आता F17 म्हणतो, या मजकुरातून ६ वजा करा. एक्सेल म्हणतं, मजकुरातून काय वजा करू? ती झाली #VALUE!. G17 ला F17 लागतो, म्हणून तिथे तीच. SUM मजकूर गपचूप सोडून देतो, पण एरर सोडत नाही, म्हणून G41 मध्येही तीच.

म्हणजे खाली दिसणारी #VALUE! ही मूळ तक्रार नाहीच. मूळ तक्रार 'शून्याने भागलं' ही होती. ती वर कुणीतरी दाबली आणि खाली ती दुसऱ्या नावाने बाहेर आली. फाईलमध्ये जिथे एरर दिसते तिथे दुरुस्ती करायला घेतली की निम्मा दिवस असाच जातो. एररच्या सेलावर उभं राहून Formulas मध्ये Error Checking च्या बाणावर Trace Error आहे, ते दाबा. बाण मागे मागे जातात. बाणाच्या वाटेवरचा जो पहिला सेल एरर दाखवतो, त्याच्याही एक पाऊल मागे बघायचं. तुमच्याकडे F17 पहिला, चूक E17 मधून आलेली.

---

येळ्ळूर_मास्तर

माझा प्रश्न जवळपास हाच आहे म्हणून इथेच विचारतो. मुलांचे गुण दुसरीकडून उतरवून घेतलेत, तीस मुलांचे तीस आकडे समोर दिसताहेत आणि AVERAGE लावलं की #DIV/0!. शून्य कुठेच नाही. एक्सेल वेडं झालंय काय?

---

उद्यमबाग

मास्तर, सरासरी म्हणजे बेरीज भागिले किती आकडे. एक्सेलला त्या तीसांत एकही आकडा सापडला नाही, म्हणून भाजक शून्य. तुमचे गुण आकड्यांसारखे दिसणारे मजकूर आहेत. सेलात ते डावीकडे चिकटलेत का बघा. खरे आकडे, तुम्ही मुद्दाम काही केलं नसेल तर, उजवीकडे असतात. SUM लावून बघा, शून्य येईल.

---

येळ्ळूर_मास्तर

डावीकडेच आहेत. SUM शून्य. कमाल आहे.

---

शहापूर_पेठ

आमच्या साडीच्या दुकानात वेगळाच घोळ. भाच्यानं बंगळूरहून स्टॉकची फाईल पाठवली, त्याच्याकडं झकास चालते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली, तर पहिल्यांदा आकडे दिसले. एका सेलात जाऊन एंटर मारला आणि तिथं #NAME? आली. साड्यांची नावं काही कन्नडमध्ये, काही मराठीत आहेत. फॉन्टमुळं होत असेल का?

---

वेदगंगा

फॉन्टमुळे होत नाही. #NAME? चा संबंध फॉर्म्युल्यात लिहिलेल्या शब्दांशी असतो, साडीच्या नावाशी नाही. फंक्शनचं स्पेलिंग चुकलं असेल.

---

उद्यमबाग

पहिलं वाक्य बरोबर. पण भाच्याकडे चालते म्हणजे स्पेलिंग चुकलेलं नाही. पेठकर, पट्टीत `_xlfn.XLOOKUP` असं काही दिसतंय का? असेल तर तुमच्या जुन्या एक्सेलला XLOOKUP माहीतच नाही. तो २०१६, २०१९ मध्ये नाही, २०२१ मध्ये आहे. आधी आकडे दिसले ते भाच्याच्या मशीनवर काढलेले, फाईलबरोबर जपून आलेले. एंटर मारल्यावर तुमच्या एक्सेलला स्वतः काढायची वेळ आली आणि त्याने हात वर केले. बाकीच्या सेलांत एंटर मारू नका. भाच्याला INDEX आणि MATCH वापरून तेच करून द्यायला सांगा.

---

शहापूर_पेठ

अगदी `_xlfn.` असंच आहे ओ! भाच्याला फोन लावतो.

---

चिकोडीचा_पावणा

सर, तुम्ही माझ्या IFERROR ला नाव ठेवलासा, पण ताईंचं काम तर अडलंय न्हवं? E17 मध्ये `""` च्या जागी ० लिहिलं की झालं की. शून्य वजा सहा, त्याला आठानं गुणलं, जे काय येईल ते शून्य लिटरनं गुणलं की शून्य. बिल बरोबर.

---

उद्यमबाग

१७ नंबरपुरतं बिल बरोबर, मान्य. दर २ रुपये दिसेल, विचित्र वाटेल, पण रक्कम शून्यच येईल. माझी तक्रार दुसरी आहे. IFERROR कुठली एरर आहे ते बघत नाही. शून्याने भागलं तरी तेच, कुणी D कॉलमच काढून टाकला तरी तेच. उद्या D उडाला तर एकोणचाळीसच्या एकोणचाळीस खात्यांना फॅट शून्य लागेल, सगळ्यांना दोन रुपये दराने बिल निघेल आणि फाईल स्वच्छ दिसेल. #REF! दिसली असती तर निदान थांबला असता.

त्यातून ताईंनी लिहिलंय, "२९चंही तसंच असावं". हे 'असावं' मला खटकतंय. ताई, D29 मध्ये काय आहे?

---

मलप्रभाकाठ

D17 मध्ये ०. D29 मध्ये... ३१२ आहे! लिटर ० आणि फॅट-लिटर ३१२?

---

उद्यमबाग

दूध आलंच नाही तर मशीनने काय मोजलं? २९ नंबरने दूध घातलंय, तुमच्या फाईलमध्ये त्याचं लिटर पोचलेलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी IFERROR ने एकाच रिकाम्या सेलात घातल्या. आता फॉर्म्युले असे करा:

```
E17   =IF(AND(C17=0,D17=0),"",D17/C17)
F17   =IF(E17="","",$J$1+(E17-$J$2)*$J$3)
G17   =IF(E17="",0,C17*F17)
```

१७व्या ओळीत लिहून वर-खाली ओढा. दूधही नाही आणि फॅट-लिटरही नाही, तर गप्प बसायचं आणि रक्कम शून्य. लिटर शून्य आणि फॅट-लिटर मात्र आहे, तर भागाकार होऊ द्यायचा आणि #DIV/0! बोंबलू द्यायची.

---

मलप्रभाकाठ

ओढलं. १७ शांत झाला, G17 शून्य. २९व्या ओळीत E, F, G तिन्हीकडे #DIV/0! आणि एकूण बेरजेतही #DIV/0!.

C29 मध्ये `=SUM(दैनिक!B29:K29)` आहे. 'दैनिक' शीटवर २९ची दहाही दिवसांची नोंद दिसतेय. ४.५ लि, ५ लि, ४.८ लि अशी. बाकी खात्यांना नुसते आकडे आहेत. हे खातं संध्याकाळी बसणारा मुलगा भरतो.

---

येळ्ळूर_मास्तर

डावीकडे चिकटलेत का हो?

---

मलप्रभाकाठ

हो मास्तर, डावीकडे. 😄

---

उद्यमबाग

मास्तरांनी पकडलं. 'लि' लिहिल्यामुळे तो मजकूर झाला आणि SUM ने न बोलता सोडून दिला. तिथे `=B29+C29+...` असं असतं तर त्याच क्षणी #VALUE! आली असती. म्हणून SUM वापरू नका असं नाही म्हणत, पण त्याची ही खोड माहीत असू द्या.

त्या ओळीतले दहा सेल निवडून Ctrl+H, ` लि` च्या जागी काहीच नको. आकडे उजवीकडे सरकले की झालं. सरकले नाहीत तर सेलाचा प्रकार Text ठेवलेला असेल. तो General करून प्रत्येक सेलात F2 आणि एंटर मारा.

---

मलप्रभाकाठ

सरकले! C29 मध्ये ४८ आलं. फॅट ६.५, दर ५४, रक्कम २५९२. बेरीजही आली. हे खातं मी उडवायला निघाले होते...

---

वेदगंगा

एक शंका. समजा त्या पोरानं दहापैकी पाचच दिवस 'लि' लिहिलं असतं तर? लिटर शून्य झालं नसतं, मग #DIV/0! कशी आली असती?

---

उद्यमबाग

आलीच नसती. लिटर २४ धरलं असतं, फॅट ३१२ भागिले २४ म्हणजे १३ आलं असतं, दर १०६ रुपये, रक्कम २५४४. बघा, खऱ्या बिलापेक्षा फक्त ४८ रुपयांनी कमी. रकमेवरून कुणाला संशयही आला नसता. म्हशीच्या दुधाला १३ फॅट लागत नाही हे माणसालाच कळतं, एक्सेलला नाही. E कॉलम डोळ्याखालून घालायचा, किंवा 'दैनिक' शीटवर Data Validation लावून आकड्याशिवाय काही घेऊच द्यायचं नाही.

---

चिकोडीचा_पावणा

बरं बरं, मी बी आमची फाईल उघडून बघतो. पण सर, छापील बिलावर #DIV/0! दिसलं तर शेतकरी काय म्हणतील? आमच्या चेअरमनला ते चालत न्हाई. छापायच्या शीटवर तरी IFERROR ठेवणार मी.

---

उद्यमबाग

छापायच्या शीटवर ठेवा, हिशेबाच्या शीटवर नको, इतकंच म्हणेन. तिथेही शून्य नको, 'तपासा' असं काहीतरी लिहा.

---

चिकोडीचा_पावणा

'तपासा' वाचून तर चेअरमन आणखीनच उखडतील.

---

मलप्रभाकाठ

आता #REF! राहिल्या. 'वर्ष' आणि 'वाटप' दोन्हीकडची पट्टी टाकते.

```
वर्ष   B2   =INDIRECT("'"&A2&"'!G41")
वाटप  D17  =बिल!G17-#REF!C17
```

महिन्यांच्या शीटची नावं कन्नडमध्ये होती. मला वाचायला त्रास होतो म्हणून मी तीन महिन्यांची मराठी केली. बरोबर त्याच तीन ओळींत #REF! आहे. पण नाव बदललं की फॉर्म्युले आपोआप बदलतात ना?

---

उद्यमबाग

साधे फॉर्म्युले बदलतात. INDIRECT बदलत नाही, कारण त्यातलं शीटचं नाव हा A2 मधला नुसता मजकूर आहे. A2 मध्ये अजून कन्नड नाव आहे, त्या नावाची शीट आता नाही, म्हणून #REF!. A2 मध्ये शीटचं नवं नाव हुबेहूब टाका, शेवटी जास्तीची जागासुद्धा नको. लगेच बरं होईल.

दोन्ही #REF! मधला फरक पट्टीतच दिसतो. 'वर्ष' च्या फॉर्म्युल्यात #REF! हा शब्द लिहिलेला नाही. फॉर्म्युला शाबूत आहे, त्याला दिलेला पत्ता चुकलाय. 'वाटप' मध्ये तो शब्द फॉर्म्युल्याच्या आतच घुसलाय. म्हणजे पत्ता पुसला गेला, आता तो आपोआप परत येणार नाही. त्या वेळी फाईल सेव्ह न करता बंद केली असती तरच.

पण तिथेही थोडा माग उरलाय. `#REF!C17` असं आहे, म्हणजे अख्खी शीट उडवली गेली. नुसता कॉलम उडाला असता तर शीटचं नाव राहिलं असतं आणि C17 गेलं असतं. बिलातून काय वजा होत होतं?

---

मलप्रभाकाठ

'वर्ष' ठीक झालं. वजा होतं ते पशुखाद्याच्या उधारीचं. त्याची शीट होती म्हणतात, आता फाईलमध्ये नाही. उधारीची वही आहे माझ्याकडे.

---

उद्यमबाग

मग आधी 'पशुखाद्य' नावाची शीट तयार करा. ओळी 'बिल' शीटच्याच क्रमाने, म्हणजे १७ नंबर १७व्या ओळीत, आणि कपात C मध्ये. शीट तयार झाल्यावरच 'वाटप' चा D कॉलम निवडून Ctrl+H, `#REF!` च्या जागी `'पशुखाद्य'!`. शीट नसताना केलंत तर एक्सेल फाईल शोधायची खिडकी उघडत बसेल.

---

वेदगंगा

पण C मध्ये नक्की काय होतं? पूर्ण बाकी की या दहा दिवसांचा हप्ता? पूर्ण बाकी वजा केली तर कुणाच्या हातात काही पडायचं नाही.

---

उद्यमबाग

ते पट्टीवरून कळणार नाही. फक्त C होता इतकंच उरलंय. मागच्या खेपेची छापील बिलं असतील तर रक्कम वजा हातात दिलेले पैसे करून बघा, आणि तो आकडा वहीतल्या बाकीशी जुळतो की हप्त्याशी ते बघा.

---

मलप्रभाकाठ

छापील बिलं कपाटात आहेत. चार खात्यांची काढली. तीन ठिकाणी हप्त्याशी जुळतं. चौथ्यात कपात वहीतल्या हप्त्यापेक्षा ५० रुपयांनी जास्त आहे, आणि वहीत त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

---

चिकोडीचा_पावणा

त्यांनी मिनरल मिक्श्चर नेलं असंल बघा. आमच्याकडं ते वहीत घालत न्हाईत, थेट बिलातनं कापतात.

---

मलप्रभाकाठ

असेल. उद्या सकाळी दूध घालायला येतील तेव्हा त्यांनाच विचारते. तोवर वाटप थांबवलंय.